सासूबाईंचा काढा, मुलाची सर्दी आणि प्रेशरचा आकडा

डॉक्टर, आम्ही फोंड्याजवळ राहतो. घरात मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. कोविडपासून सासूबाई पावसाळाभर रोज काढा करतात: तुळस, आलं, मिरी, दालचिनी, गुळवेलीचा तुकडा, गूळ, आणि मुलाला गोड लागावं म्हणून बोटाएवढं ज्येष्ठमध. आम्ही तिघं दोन-दोन घोट घेतो, उरलेला सगळा त्या दिवसभरात पितात. रात्री हळदीचं दूध. मुलाला व्हिटॅमिन सीची 500ची चघळायची गोळी आणि फार्मसीतलं ‘इम्युनिटी बूस्टर’ सिरप. महिन्याला एकोणीसशे रुपये जातात. तरी शाळा सुरू झाल्यापासून गणेशचवथीपर्यंत मुलाला चार वेळा सर्दी झाली. सासूबाईंना प्रेशर आणि डायबेटिस आहे. हल्ली गोळ्या घेऊनही प्रेशर 160च्या आसपास येतं, संध्याकाळी पाय सुजतात. डॉक्टरांनी फ्लूची लस घ्या म्हटलं, तर त्या म्हणतात, ‘काढा आहे ना, लस कशाला?’ यातलं काय चालू ठेवू आणि काय बंद करू?
– एक वाचक, फोंडा

नमस्कार.

मुलाच्या सर्दीकडे मागाहून येते. तिची घाई नाही. सासूबाईंच्या प्रेशरची आहे, आणि तुमच्या यादीतली एक वस्तू मला खटकली: ज्येष्ठमध.

ज्येष्ठमधाची गोडी ज्या द्रव्यामुळे येते त्याला ग्लिसिरायझिन म्हणतात. त्याची करामत मूत्रपिंडात चालते. शरीरात मीठ धरून ठेवायचा हुकूम देतं अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक रक्तात त्याच्या कितीतरी पट असतं, आणि गंमत म्हणजे अल्डोस्टेरॉनच्या कुलपात त्याचीही किल्ली बसते. तसं होऊ नये म्हणून मूत्रपिंडाच्या पेशींत एक एन्झाइम राखणदारासारखा बसलेला असतो, तो कॉर्टिसॉलला दारातच निकामी करतो. ग्लिसिरायझिन या राखणदाराला झोपवतं. मग कॉर्टिसॉल आत शिरून मीठ धरून ठेवायचा हुकूम सोडत राहतं. मिठाबरोबर पाणी थांबतं, प्रेशर चढतं, पाय सुजतात आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातं.

आता तुमच्या पातेल्याचा हिशेब करू. बोटाएवढी काडी साधारण पाच-सहा ग्रॅमची. ग्लिसिरायझिनचं प्रमाण काडीगणिक बदलतं, पण चार टक्के धरलं तर दोनशे मिलिग्रॅमच्या वर होतं. सगळं काही पाण्यात उतरत नाही. निम्मं उतरलं आणि त्यातलं बहुतेक सासूबाईंच्या पोटात गेलं, तर त्यांच्या वाट्याला रोज शंभरेक मिलिग्रॅम येतं. बहुतेक निरोगी माणसांना एवढ्याने काही होत नाही असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2024 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. 28 तरुण, धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज तेवढंच ग्लिसिरायझिन दिलं, तर वरचं प्रेशर सरासरी तीन अंकांनी वाढलं, आणि काही जणांत त्याहून बरंच जास्त. ती माणसं तरुण होती आणि दोनच आठवडे घेत होती. सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, आधीच प्रेशरवाल्या, आणि जूनपासून रोज घेताहेत.

पण म्हणून सगळा दोष काडीच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. पावसाळ्यात आपल्या घरांत पुरुमेंताची सुकी मासळी, खारवलेल्या कैऱ्या, लोणची असतात. प्रेशर चढवायला तेवढं मीठही पुरतं. गुडघेदुखीसाठी फार्मसीतून आणलेली वेदनाशामक गोळी हेच करते. पायाची सूज तर अ‍ॅम्लोडिपिन या प्रेशरच्याच गोळीमुळेही येते, त्यामुळे त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. पण या सगळ्यात काडी बंद करणं सर्वांत सोपं आणि फुकटचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.

उद्यापासून काढ्यात ज्येष्ठमध नाही. प्रेशरच्या गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही. याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करता येईल का ते विचारा. ते 3.5च्या खाली असेल तर संशय बळावतो. त्यांच्या प्रेशरच्या गोळीच्या नावामागे ‘एच’ असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. तेही पोटॅशियम घालवतं, म्हणजे दोन्हीकडून गळती. घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून प्रेशर मोजा आणि वहीत लिहा. ज्येष्ठमधाचा परिणाम दोन दिवसांत उतरत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. तोवर आकडे हळूहळू खाली आले तर चोर सापडला. नाही आले तर डॉक्टर दुसरीकडे शोधतील. मधेच धडधड, हातपाय गळून जाणं किंवा स्नायूंत गोळे येणं असं काही झालं तर तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उरलेल्या काढ्याने संसर्ग टळतो का? नाही टळत. निदान टळतो असं दाखवणारा धड पुरावा नाही. 2020 साली आयुष मंत्रालयाने जो क्वाथ सांगितला त्यात चारच गोष्टी होत्या: तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी. पुढे घरोघरी त्यात भर पडत गेली. कोणी लवंग टाकली, कोणी अडुळसा, कोणी तुमच्यासारखं ज्येष्ठमध. आपली आई करायची तो धण्या-जिऱ्याचा कशाय वेगळा. तो पेय म्हणून प्यायचा, पोटाला बरं वाटतं म्हणून. त्याच्याकडून कोणी विषाणू मारायची अपेक्षा ठेवली नव्हती. काढ्याने घसा शेकला जातो, नाक मोकळं वाटतं, पोटात पाणी जातं. सर्दी झालेल्या माणसाला हे सगळं हवंच असतं, आणि म्हणूनच काढ्याने ‘गुण येतो’. पण बरं वाटणं निराळं आणि सर्दी न होणं निराळं.

गुळवेलीचा तुकडाही काढून टाका असं माझं मत आहे. 2020च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण एकापाठोपाठ दिसले. सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल त्यांनी वापरली असावी असं म्हटलं. मग 2022 साली देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची नोंद छापली. लाखो लोकांनी गुळवेल घेतली, त्यात ही संख्या लहान आहे, हे खरं. पण ज्यांची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या यकृतावर उलटायच्या बेतात असते, त्यांना गुळवेल तिकडे ढकलते असा त्या डॉक्टरांचा निष्कर्ष होता. तुमच्यापैकी कोणाला थायरॉईड, संधिवात किंवा यकृताची तक्रार असेल तर अजिबात नको. लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नाचा वास नकोसा होणं, अंगाला खाज सुटणं यातलं काही दिसलं तर ‘कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध घेऊ’ म्हणून आणखी एक काढा सुरू करू नका. त्या दिवशी रक्त तपासा.

हळदीच्या दुधावर मला फारसं बोलायचं नाही, कारण त्याने नुकसानही होत नाही. हळदीतलं ज्याचं कौतुक होतं ते कर्क्युमिन हळदीच्या पुडीत साधारण तीन टक्के असतं. पाव चमचा हळद म्हणजे वीस-पंचवीस मिलिग्रॅम कर्क्युमिन, आणि त्यातलंही बहुतेक आतड्यातून रक्तात जातच नाही. प्रयोगशाळेच्या बशीत ते जे काही करतं ते आपल्या घशात होईल, ही आशा तिथेच संपते. मिरी घातल्याने ते जास्त शोषलं जातं, हे बरोबर. पण हीच युक्ती वापरून कर्क्युमिनच्या जोरकस कॅप्सूल निघाल्या, आणि त्या घेणाऱ्यांत यकृताच्या इजा नोंदल्या जाऊ लागल्या. दूध-हळद चालू द्या. कॅप्सूल आणू नका. रक्त पातळ करायची गोळी कोणी घेत असेल तर हळदीचा असा मोठा डोस डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोच.

व्हिटॅमिन सीची गोष्ट वेगळी आहे. इथे पुरावा नाही असं म्हणता येत नाही, कारण भरपूर आहे. 1970 साली लिनस पॉलिंग या नोबेल मिळवलेल्या रसायनशास्त्रज्ञाने सर्दीवर व्हिटॅमिन सीचा जोरदार पुरस्कार केला आणि तेव्हापासून लोक ते तपासत आले आहेत. 2013 साली असे 29 प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, त्यांत अकरा हजारांवर माणसं होती. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी तितकीच झाली जितकी न घेणाऱ्यांना. फक्त मॅरेथॉन धावणारे, बर्फात कवायत करणारे सैनिक वगैरे मंडळींत ती निम्म्याने कमी झाली. आपल्याकडे पहाटे मिरामारला धावणारे बरेच आहेत, पण तेवढ्याने कोणी त्या यादीत बसत नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपली, मोठ्यांत आठ टक्क्यांनी, मुलांत चौदा. सात दिवसांची सर्दी म्हटली तर मुलाचा एक दिवस वाचतो, तोही वर्षभर रोज गोळी खाल्ली तर. नाक वाहायला लागल्यावर सुरू केलेल्या गोळीने असा भरवशाचा फरक पडला नाही.

तुमच्या मुलाला दिवसाला साधारण 45 मिलिग्रॅम लागतं. गोळी 500ची आहे. सिरपच्या लेबलावर बघा, त्यातही व्हिटॅमिन सी असणार. या वयासाठी वरची मर्यादा 650ची मानतात, म्हणजे दोन्ही मिळून ती ओलांडली जात असेल. मर्यादेपुढे बहुधा पोट बिघडतं, जुलाब होतात. मोठ्यांमध्ये मोठ्या डोसचा संबंध मुतखड्याशी लागतो. जास्तीचं शरीर साठवत नाही, लघवीतून टाकून देतं. एक मध्यम पेरू मुलाची दिवसाची गरज भागवून वर उरतो. उन्हाळ्यात काजूची बोंडं रस्त्याकडेला कुजत पडतात, त्यांतही संत्र्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी असतं, आणि आपण फार्मसीत पैसे मोजून संत्र्याच्या चवीची गोळी घेतो. गोळी आणि सिरप, दोन्ही बंद करा.

आता चार सर्द्या. शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं हे त्याच्या प्रतिकारशक्तीत खोट असल्याचं लक्षण नाही. सर्दीचे विषाणू दोनशेच्या घरात आहेत, त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार. शरीर एका प्रकाराशी लढतं, त्याची ओळख लक्षात ठेवतं, पण ती ओळख दुसऱ्या प्रकाराला फारशी लागू पडत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. ती टाकीतल्या पाण्यासारखी नसते, की ओतलं की पातळी चढली. ती पोलीस ठाण्यातल्या फोटोंच्या फायलीसारखी असते. ज्याचा फोटो फायलीत आहे तो पकडला जातो. गुळवेल, हळद, व्हिटॅमिन यांपैकी कोणीही त्या फायलीत एकसुद्धा फोटो लावत नाही. आणि यंत्रणेचा नुसता जोर वाढवणं तर मुळीच नको असतं. वाहतं नाक, ताप, सुजलेला घसा हे बरंचसं तिचंच काम आहे. अकारण जोर आला की दमा, अ‍ॅलर्जी, संधिवात होतो.

जूनमध्ये शाळा भरते, पाऊस असतो म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद, चाळीस मुलं एकाच हवेत. सर्द्या तिथे गोळा होतात आणि मार्चपर्यंत विरळ होतात. एकेका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणून मूल सतत आजारी आहे असं वाटतं. मी काळजी कधी करीन? वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान वारंवार फुटला, अंगावर खोल गळवं पुन्हापुन्हा आली, किंवा वजन वाढायचं थांबलं तर. मधल्या दिवसांत मूल खेळतं, जेवतं, उंची वाढते, तर त्याची यंत्रणा कामाला लागलेली आहे. शाळेतून आल्यावर साबणाने हात, आणि रात्री वेळेवर झोप. झोपेबद्दल हे मी नुसतं आईसारखं सांगत नाही. 2015 साली अमेरिकेत 164 मोठ्या माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला, त्याआधी आठवडाभर मनगटावर यंत्र बांधून त्यांची झोप मोजली होती. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट सर्दी झाली. तुमच्या मुलाला नऊ-दहा तास हवेत. चवथीच्या आरत्या आणि घुमटांच्या रात्री सोडून द्या, पण एरवी रोज रात्री साडेदहाला मोबाईल हातात असेल तर पुढचा खर्च फार्मसीत होणार.

राहता राहिली लस. फायलीत फोटो लावायचा, आजारी न पडता लावायचा, तर लस हाच मार्ग आहे. फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. 68व्या वर्षी, साखर असताना, तो न्यूमोनियापर्यंत जातो आणि रुग्णालयात आठवडा काढावा लागतो. लसही पक्की ढाल नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा, नाहीतर पुढच्या सर्दीला ‘बघ, घेऊनही झालीच’ ऐकावं लागेल. जुळणी चांगली साधलेल्या वर्षी ती फ्लूसाठी डॉक्टरांकडे जायची वेळ चाळीस ते साठ टक्के कमी आणते, आणि इतर विषाणूंच्या सर्दीवर तिचा काही उपयोग नाही. फ्लूचा विषाणू रूप बदलतो म्हणून ती दर वर्षी घ्यायची. आपल्या किनाऱ्यावर फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते, त्यामुळे योग्य वेळ एप्रिल-मे, पुरुमेंताच्या खरेदीबरोबर. आत्ता ती वेळ टळली असली तरी वर्षाच्या सुरुवातीला एक लहान लाट असते, तिच्यासाठी आता घ्या आणि पुढच्या उन्हाळ्यापासून घडी बसवा. न्यूमोकॉकलची लसही त्यांच्या वयाला आणि डायबेटिसला लागू आहे, तीही त्याच भेटीत विचारा. एका महिन्याचे एकोणीसशे फ्लूच्या लसीला जवळपास पुरतात. मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा डोस झालाय का तेही बघून घ्या.

सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लसीइतकीच खरी आहे: साखर. रक्तात साखर चढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी आळसावतात, जखमा चिघळतात, लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो. आणि त्या दिवसभर जो काढा पिताहेत त्यात गूळ आहे. गूळ म्हणजे साखरच, रंगाने सावळी. म्हणजे ज्या पातेल्यातून त्या प्रतिकारशक्ती घेताहेत, तेच पातेलं एका बाजूने प्रेशर आणि दुसऱ्या बाजूने साखर वाढवत असणार. पोटॅशियमसाठी रक्त देणारच आहात, तर तीन महिन्यांची साखर, एचबीए1सी, त्याच सुईत करून घ्या.

डेंग्यूबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पाऊस थांबता थांबता तो वाढतो आणि त्याच्यावर काढ्याचा काही परिणाम होत नाही. परसातल्या करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पालथ्या घाला.

आता त्यांना सांगायचं कसं? ‘तुमचा काढा विषारी आहे’ असं म्हणालात तर त्या उद्या गुपचूप दुप्पट पितील. पातेलं बंद करू नका. आलं, तुळस, थोडी मिरी, एक दालचिनीचा तुकडा, गूळ नाही, दिवसाला एक कप, वाटल्यास धण्या-जिऱ्याचा कशाय. एवढ्याला माझी हरकत नाही. ज्येष्ठमधाची पुडी आणि गुळवेल मात्र एका पिशवीत घाला, त्यांच्या प्रेशरच्या गोळ्या आणि ती वही त्याच पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना पिशवी त्यांच्याच हातात द्या. डॉक्टरांनी काडी हातात घेऊन सांगितलेलं त्या ऐकतील.